लाल तांदळाचा फोटो आणि मोबाईलचा कॅमेरा

आज शेतातलं नाय, मोबाईलचं लिहितोय. पण भाताशीच संबंध आहे, त्यामुळे वाचा.

दिवाळीनंतर आमचा लाल तांदूळ विकायला निघतो. घरचं जुनं लाल वाण थोडं आणि रत्नागिरी ७ थोडं, दोन्ही गिरणीत फक्त टरफल काढून, कोंडा ठेवून. पुतण्याने व्हॉट्सॲपवर कॅटलॉग काढून दिलाय, त्यावर मुंबई-ठाण्याकडचे लोक मागवतात. गेल्या वर्षी डोंबिवलीच्या एका ताईंनी १० किलो मागवला. पोचल्यावर त्यांचा फोन आला, "काका, फोटोत लालभडक दिसत होता, हा तर तपकिरी आहे. जुना माल भरलात का?" मी म्हटलं, ताई, महिन्याभरापूर्वी झोडलेला भात आहे. त्यांना पटलं नाय. तांदूळ परत आला, जायचं-यायचं भाडं माझ्या अंगावर. वर त्यांच्या सोसायटीतल्या आणखी चार घरांची ऑर्डर येणार होती, तीही गेली.

राग आला, पण मग तोच फोटो उघडला आणि तांदूळ मुठीत धरून शेजारी ठेवला. ताईंचं खरं होतं. फोटोतला तांदूळ माझा नव्हताच जणू. मजा म्हणजे त्याच पोत्याचा आठ दिवस आधी काढलेला दुसरा फोटो मळकट, राखट दिसत होता. एकच पोतं, एकच मोबाईल, रंग दोन.

कारण शोधायला मला बरेच दिवस लागले. मोबाईलला खरा रंग कळत नाय. समोर जे दिसतं त्याची सरासरी काढून तो ठरवतो की उजेड पिवळा आहे का निळा, आणि त्याप्रमाणे फोटो फिरवतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. अख्ख्या चौकटीत लाल तांदूळच भरला, तर त्याला वाटतं उजेडच तांबूस आहे. मग तो लाली कमी करतो आणि तांदूळ राखट होतो. तो झाला पहिला फोटो. दुसऱ्या फोटोत तांदूळ ताटात होता, तर मोबाईलने "हे जेवण आहे" असं ओळखून आपणहून रंग चढवला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सीन ऑप्टिमायझर किंवा तसल्या नावाचं बटण असतं, त्याचा हा उद्योग. ते बंद केलं की अर्धं दुखणं जातं.

बाकीचं अर्धं आमच्या पडवीत होतं. पावसाळ्यात आपल्याकडे सगळेच पडवीला निळी ताडपत्री बांधतात. आमची दिवाळीनंतरही सुटली नव्हती. तिच्यातून येणारा उजेड निळा. खाली सारवलेली तांबडी जमीन, समोर जांभ्याचा गडगा, तिथून तांबडा उजेड उलटून येतो. वर सौ.ने पिवळा बल्ब लावलेला. तीन रंगांचे उजेड एकाच ढिगावर पडले, तर कुठलाही कॅमेरा सगळे एकदम सुधारू शकत नाय. एक बाजू बरोबर केली की दुसरी बिघडते. उजेड कुठला तरी एकच पाहिजे. आता मी माजघराच्या उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, सगळे दिवे बंद करून फोटो काढतो. ऊन थेट पडत नाय, त्यामुळे दाण्यांच्या सावल्या मऊ पडतात. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की अंधारी बाजूही उजळते. अंगात रंगीत शर्ट नको. हे ऐकून सौ. हसली होती, पण लाल साडी नेसून ती शेजारी उभी राहिली तेव्हा थर्माकोलवर गुलाबी झाक आली, ती तिनेच दाखवली.

एवढं करूनही जवळून दाणा स्पष्ट येईना. लाल तांदळात गिऱ्हाईक कोंड्याची रेघ बघतं. ती दिसली की पूर्ण पॉलिश केलेला नाय हे कळतं. आमचा जुना मोबाईल तिथे थकला. मग नवा घ्यायचं ठरलं, पंधरा हजारांच्या आत. घरातून विरोध होताच, "अहो, तेवढ्यात पंप दुरुस्त झाला असता." बरोबर आहे तिचं, पण ऑर्डर जातायत त्याचं काय?

महाडला दुकानात गेलो तो खिशात पुडी घेऊन. पुडीत मूठभर लाल तांदूळ, एक पांढरा कागद आणि शाळेची पट्टी. दुकानदार मेगापिक्सेल सांगत होता, ५०, १०८. मी त्याच्या काउंटरवर तांदूळ पसरला. मोबाईल हळूहळू खाली आणायचा, पडद्यावर दाण्यावर बोट ठेवायचं, आणि कुठल्या अंतरापर्यंत दाणा धारदार राहतो ते पट्टीने मोजायचं. एक मोबाईल ११ सेंटीमीटरपर्यंत पकडत होता. त्याच्यापेक्षा महागाचा, मोठा कॅमेरा असलेला, १८ च्या खाली येईना. यात नवल नाय. कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर मोठा असला की जवळचं धरणं त्याला सहसा अवघड जातं. भारीतल्या आयफोनचा मुख्य कॅमेरासुद्धा फार जवळचं धरत नाय. म्हणून १३ प्रोपासून त्यांनी जवळच्या कामाला दुसरा, रुंद दिसणारा कॅमेरा फोकससकट दिला. आपल्या बजेटात रुंद कॅमेरा असला तरी त्याला बहुधा फोकस नसतो.

मग दुकानदाराने मॅक्रो दाखवला. स्वस्त मोबाईलच्या पाठीवर "मॅक्रो" म्हणून वेगळी बारीक भिंग असते, बहुतेक २ मेगापिक्सेलची. तिचा फोकस साधारण ४ सेंटीमीटरवर बसवलेला असतो, हलत नाय. तेवढ्या जवळ गेलं की मोबाईलचीच सावली तांदळावर पडते. मी हिशोब मांडला. मॅक्रोच्या फोटोत सहा सेंटीमीटर रुंदी बसते, आणि फोटो १६०० ठिपक्यांचा. सहा मिलिमीटरच्या दाण्याच्या वाट्याला दीडशेच्या आसपास ठिपके. ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा १५ सेंटीमीटरवर धरून दुप्पट झूम केलं तर साधारण ११ सेंटीमीटर रुंदी येते, फोटो ४००० ठिपक्यांचा, म्हणजे दाण्याला दोनशेच्या वर. लांबून काढून जास्त मिळतं, सावलीही पडत नाय. दुप्पटच्या पुढे मात्र झूम करू नका, तिथून पुढे नुसतं ताणलेलं असतं.

एक फसगत सांगून ठेवतो. काही मोबाईल जवळ गेलं की न सांगता दुसऱ्या भिंगेवर उडी मारतात. आपल्याला वाटतं मुख्य कॅमेऱ्यानेच काढलं. ओळखायचं असं, मागच्या भिंगांवर एकेक करून बोट ठेवा. ज्या भिंगेवर बोट ठेवल्यावर पडदा काळा होईल, ती चालू आहे.

तिसरी पारख होती प्रो मोडची. त्यात व्हाइट बॅलन्स आकड्याने बसवता येतो का ते बघितलं. नुसती सूर्य-ढग-बल्बची चित्रं असतील तर भागतं, पण आकडा बरा. ११ सेंटीमीटरवाल्यात आकडा होता, तोच घेतला.

आता घरची पद्धत. राखाडी कार्डशीटवर तांदूळ एका थरात पसरतो. पांढऱ्या ताटात ठेवला की मोबाईल उजेड कमी करून तांदूळ काळपट करतो, काळ्या कापडावर फिका करतो. राखाडीवर तो मधे राहतो. दोन बाजूंना दोन-दोन विटा आडव्या रचून त्यांवर मोबाईल आडवा टाकतो, भिंग मधल्या फटीत. उंची १५ सेंटीमीटरच्या आसपास येते. विटांना पांढरा कागद गुंडाळायचा, नायतर त्यांचीच लाली तांदळावर. इतक्या जवळून फोकसची पट्टी पातळ असते, मोबाईल तिरका झाला की अर्धे दाणे धूसर. विटांवर तो आपोआप सपाट राहतो. हात लागून हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

रंग बसवायला पांढरं काय वापरायचं हा घोळ होता. वहीच्या कागदाला निळसर चमक देणारं काहीतरी लावलेलं असतं, त्यावर भरवसा नाय. शेवटी पाईपच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी टेफलॉन टेप पुठ्ठ्यावर सात-आठ थर गुंडाळली. ती खरोखर पांढरी असते. ती तांदळाशेजारी ठेवून व्हाइट बॅलन्सचा आकडा हलवायचा, टेप निळीही नाय पिवळीही नाय दिसेपर्यंत. आमच्या खिडकीला आभाळ असताना ६००० ते ६५०० येतो. आयएसओ १००, शटर उजेड बघून. हे आकडे चिठ्ठीवर लिहून खिडकीच्या चौकटीला चिकटवलेत. सून काढो की मी काढो, रंग एकच येतो. दिव्याखाली काढायची वेळ आली आणि फोटोत काळे पट्टे दिसले, तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, काही दिवे तिच्याबरोबर लुकलुकतात.

फोटो तपासताना आपला पडदाही फसवतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये "व्हिविड" असेल तर "नॅचरल" करा, मग मुठीतला तांदूळ पडद्याशेजारी धरा. आणि पाठवताना एचडी निवडा, साध्या पाठवण्यात कोंड्याची रेघ पुसट होते.

आमसुलं मात्र अजून जमली नाहीत. ती इतकी गडद आणि तेलकट चकाकणारी की एक तर काळा गोळा दिसतो, नाहीतर प्रत्येकावर पांढरा ठिपका. खिडकीला पातळ मलमलचं धोतर लावून पाहिलं, थोडा फरक पडला. कोणाला जमलं असेल तर कळवा.

कृषी सहायकांना करप्याचा फोटो पाठवतानाही मी आता हेच करतो, पान राखाडी कार्डशीटवर, सावलीत, शेजारी टेप. ठिपक्याची कडा तपकिरी की पिवळी हे त्यांना विचारावं लागत नाय.

गिऱ्हाइकाचा पडदा आपल्या हातात नाय, तो कसाही असू शकतो. म्हणून आता फोटोखाली एक ओळ लिहितो, "रंग तपकिरी लाल, मधे काही दाणे फिके, शिजल्यावर गुलाबीसर." डोंबिवलीच्या ताईंना नवा फोटो पाठवला आणि सोबत शंभर ग्रॅमची पुडी कुरिअर केली. परवा त्यांचा मेसेज आला, दोन किलो पाठवा म्हणून. दहा नाय, दोनच.