गावाचं नाव टाकलं की प्लॉट निघतात, ओढा निघत नाही

मंडळी, मोबाईलवर गुगलमध्ये नुसतं ‘सणसवाडी’ टाकून बघा. मी टाकलं तेव्हा प्लॉट विक्री, वन बीएचके, कंपनीत भरती, पिनकोड, पुण्यापासून किती किलोमीटर, असं सगळं आलं. पाचव्या पानापर्यंत गेलो. इथे माणसं राहतात, त्यांच्या विहिरी आहेत, ओढे आहेत, यातलं काहीच दिसलं नाही.

मला हवा होता एक ओढा. नगर रोडच्या पट्ट्यातल्या एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात रात्रीतून घरात पाणी शिरलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. लोक म्हणत होते, ओढा बुजवून प्लॉटिंग केलं म्हणून पाणी घरात आलं. जागेचा व्यवहार करणारे म्हणाले, “पत्रकारसाहेब, इथे ओढा कधी नव्हताच. शेताच्या बांधाचं पाणी ते.” आता बातमी लिहायची तर एका बाजूचं तोंडी आणि दुसऱ्या बाजूचं तोंडी. असल्या बातमीला अर्थ नसतो.

म्हणून ठरवलं, प्लॉटिंगच्या आधी कुणी परक्या माणसाने या जागेबद्दल काही लिहून ठेवलंय का ते बघायचं. ना गावचा, ना जागेत हितसंबंध असलेला, असा माणूस. आपल्याकडे २००६ ते २०१४ च्या सुमारास मराठीत ब्लॉगचं पेव फुटलं होतं. सायकलवाले, ट्रेकवाले, देवळं-वीरगळ बघत फिरणारे, सगळे लिहायचे. ते लिखाण बरंचसं अजून जागेवर आहे, फक्त दिसत नाही.

का दिसत नाही, ते आधी सांगतो. गुगलची मूळ युक्ती १९९८ च्या एका शोधनिबंधात मांडलेली आहे: एखाद्या पानाकडे बाकीची किती पानं बोट दाखवतात आणि ती पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. आता त्यात इतर बऱ्याच गोष्टी मिसळल्या आहेत, पण ती युक्ती अजून वापरात आहे. जमीन विकणाऱ्या साइटकडे हजारो दुवे असतात. सायकलवाल्याच्या ब्लॉगकडे त्याच्या तीन मित्रांचे. त्यात नुसतं गावाचं नाव टाकलं की यंत्राला वाटतं, याला जागा घ्यायची असेल किंवा नोकरी हवी असेल. आणि प्रत्येक पान आम्ही नोंदवूच असं नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. म्हणजे दोन शक्यता असतात. पान यादीत आहे पण चारशेव्या नंबरवर आहे, किंवा यादीतच नाही. दोन्हीचा इलाज वेगळा.

पहिल्या शक्यतेचा इलाज म्हणजे शोधायचं कुंपण लहान करणं. मी असं टाकलं (गावाच्या जागी तुमचं गाव घाला):

```
site:blogspot.com "सणसवाडी" ओढा before:2014-01-01
site:wordpress.com "सणसवाडी" ओढा
site:misalpav.com "सणसवाडी"
site:maayboli.com "सणसवाडी"
```

`site:` म्हणजे फक्त त्या ठिकाणीच शोध. `before:` म्हणजे त्या तारखेआधीचं. ही तारीख गुगलने अंदाजाने लावलेली असते, कधी चुकते, म्हणून एकदा तारखेसकट आणि एकदा तारखेविना बघायचं. मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून. तिथल्या जुन्या धाग्यांत आणि खालच्या प्रतिसादांत फार माल आहे.

तरी हाती काही लागलं नाही. दोन दिवस गेले. मग मी वस्तीवरच्या एका आबांकडे जाऊन बसलो. म्हटलं, “आबा, ओढ्याला तुम्ही काय म्हणायचात?” आबा म्हणाले, “ओढा कशाचा? वगळ म्हणायचो आम्ही. वगळीच्या कडंला पायऱ्यांची विहीर होती, तिथं बैलं पाजायचो.”

इथे माझी चूक कळली. सरकारी कागदात ‘नाला’ लिहितात, मी ‘ओढा’ शोधत होतो आणि तिथली माणसं म्हणत होती ‘वगळ’. बाहेरून आलेला सायकलवाला रस्त्यात कुणाला तरी विचारणार आणि त्याने सांगितलेला शब्दच लिहिणार. शोधताना बातमीतला शब्द टाकायचा नाही, लिहिणाऱ्याच्या कानावर पडला असेल तो टाकायचा.

दुसरी अडचण मराठी व्याकरणाची. अवतरणचिन्हात “वगळ” टाकलं तर ‘वगळीच्या’, ‘वगळीला’ सापडेलच असं नाही. आपल्या शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूपच बदलतं. त्यामुळे दोन-तीन रूपं वेगवेगळी टाकावी लागतात. त्यातून नुसतं ‘वगळ’ टाकलं की ‘नाव वगळले’, ‘मुद्दा वगळता’ असलं सगळं येतं. म्हणून सोबत ‘विहीर’ जोडली.

तिसरी अडचण डोळ्याला दिसतच नाही. ‘पायऱ्यांची’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. आजचे मोबाईल ‘ऱ्या’साठी नुक्ता दिलेला ऱ वापरतात. जुने ब्लॉगवाले साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक टाकायचे: ‘पायर्‍यांची’. वाचताना आपल्याला एकच शब्द, पण यंत्राला दोन वेगळे वाटू शकतात. गुगल कधी दोन्ही एक धरतो, कधी धरत नाही. ‘शेतकऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ सगळ्यांचं हेच. ‘ॲ’चंही तेच, जुन्या लिखाणात तो ‘अ‍ॅ’ किंवा ‘ऍ’ असा सापडतो. जुनं रूप टाइप करता येत नसेल तर कुठल्याही जुन्या ब्लॉगवरून तेवढा शब्द कॉपी करायचा. किंवा सरळ असा शब्द निवडायचा ज्यात हे अक्षरच नाही.

‘वगळीच्या’ आणि ‘विहीर’ आणि ‘सायकल’ असं टाकल्यावर एका जुन्या चर्चेचा धागा वर आला. पुणे ते नगर सायकलवर जाण्याबद्दल. खाली एकाने प्रतिसादात लिहिलं होतं की मी याच रस्त्याने गेलो, वर्णन माझ्या ब्लॉगवर वाचा. दुव्यावर टिचकी मारली तर भलतंच पान. दुव्याच्या शेवटी `.blogspot.in` होतं. मध्यंतरी काही वर्षं भारतात ब्लॉगस्पॉटचे पत्ते `.in` दिसायचे. २०२० मध्ये तो पत्ता गुगलच्या हातातून गेला, आणि तसे दुवे मेले. पण ब्लॉग मेलेले नाहीत! `.in` खोडून `.com` केलं, ब्लॉग उघडला. हा दुसऱ्या शक्यतेचा इलाज: यंत्राच्या यादीत नसलेलं पान माणसाने दिलेल्या दुव्यावरून गाठायचं.

ब्लॉगवर दोनशेच्या वर लेख. एकेक वाचायची गरज नव्हती. ब्लॉगस्पॉटच्या कुठल्याही ब्लॉगच्या पत्त्यापुढे असं लिहिलं की त्याच ब्लॉगात शोध होतो:

```
/search?q=वगळ
```

लेख निघाला. २०११ चा. साहेबांची सायकल आपल्याच भागात पंक्चर झाली होती, म्हणून ते रस्ता सोडून आत पाण्याच्या शोधात गेले. वगळ, तिच्यावरची दगडी मोरी, पायऱ्यांची विहीर, आणि विहिरीवर उभं राहून काढलेला फोटो. फोटोत पाणी स्पष्ट दिसतं. मार्चमधला फोटो, म्हणजे पावसाचं साचलेलं म्हणायचीही सोय नाही.

लेखाखाली मी कमेंट टाकली, उत्तर नाही. प्रोफाइलवरच्या ईमेलला लिहिलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं. गृहस्थ आता परगावी असतात, सायकल सुटली, पण फोटोची मूळ फाइल त्यांनी जपली होती. मूळ फाइलमध्ये काढल्याची तारीख नोंदलेली असते, ब्लॉगवरच्या लहान केलेल्या फोटोत ती बहुतेक वेळा नसते. (ब्लॉग बंद झाला असता तर पत्ता web.archive.org वर टाकून बघितलं असतं. तिथे पत्ता लागतो, नुसता शब्द टाकून मजकूर सापडत नाही. म्हणून मेलेल्या दुव्याचा पत्ताही टिपून ठेवा.)

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ब्लॉग म्हणजे पुरावा नव्हे. कुणीही काहीही लिहू शकतं, सायकलवाल्याची जागा ओळखण्यात चूक होऊ शकते. ब्लॉगने मला फक्त कुठे बघायचं आणि कुठलं साल बघायचं ते सांगितलं. मग गुगल अर्थ प्रोमध्ये जुनी उपग्रह चित्रं लावून मोरी शोधली, ती सापडली आणि नंतरच्या चित्रात गायब झालेलीही दिसली. मग भूमी अभिलेखकडे गाव नकाशाच्या नकलेचा अर्ज. मग त्या गटांचे सातबारे, त्यातला पोटखराबा ‘ब’ वर्ग. दुसऱ्यांच्याही वापरात असलेला ओढा, तळं, पाऊलवाट अशी जमीन त्या वर्गात धरतात. नकाशात ओढ्याची रेघ आहे. आता तहसीलमध्ये तक्रार त्या रेघेवर उभी आहे, ब्लॉगवर नाही. पण ब्लॉग नसता तर रेघ कुठल्या गटात शोधायची हेच कळलं नसतं.

त्या ब्लॉगच्या कडेला ‘आवडते ब्लॉग’ अशी चौदा नावांची यादी होती. नऊ अजून उघडतात. त्यातल्या एकावर चासकमान कालव्याच्या कडेने केलेल्या पायी भटकंतीचं वर्णन आहे, एकावर आपल्या भागातल्या वीरगळांचे फोटो. गुगलवर गावांची नावं टाकून यातलं एकही मला कधी आलं नव्हतं. माझ्या अनुभवात ही कडेची यादीच सगळ्यात भरवशाची. एक चांगला ब्लॉग सापडला की पुढचे तो दाखवतो.

तहसीलची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काय होतं ते इथेच लिहीन. तोवर एक काम करा. तुमच्या वस्तीवरच्या ओढ्याला, पाणंदीला, माळाला जुनी माणसं काय म्हणतात ते गावाच्या नावासकट खाली कमेंटमध्ये लिहा. ‘नाला’ लिहू नका. घरात जे म्हणतात तेच लिहा.