भाजक चुकला आणि नफा फुगला

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतला, शाफ्ट मशिनिंगचा. कॉस्टिंगचं काम माझ्याकडे होतं. भाडं, घसारा, सुपरवायझरचे पगार, विजेचा फिक्स्ड चार्ज असा उत्पादनाचा स्थिर खर्च वर्षाला १ कोटी २० लाख. नगामागचा कच्चा माल, मजुरी, टूल्स यांचा बदलता खर्च ३०० रुपये. एका वर्षी मोठ्या ग्राहकाने मॉडेल बदललं, मागणी घसरली आणि एरवी दीड लाख नग काढणारा कारखाना एक लाखावर आला. मी स्थिर खर्चाला त्या एक लाखाने भागलं. दर आला १२० रुपये. आदल्या वर्षीचा दर ८० होता, पण खर्च खरा, उत्पादनही खरं, मग भागाकार चुकेल कसा, अशी माझी खात्री होती.

वर्षाच्या सुरुवातीला गोदाम रिकामं होतं. एक लाखातले ८०,००० नग ४५० रुपयांनी विकले, २०,००० शिल्लक राहिले. माझ्या हिशोबाने नग ४२० रुपयांचा, म्हणून शिल्लक माल ८४ लाखांचा आणि नफा २४ लाख. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही हाच दर गेला.

ऑडिटला आलेल्या सीएंनी एकच प्रश्न विचारला. "लोखंडाचा भाव वाढला नाही, पगार वाढले नाहीत, मग नग चाळीस रुपयांनी महाग कसा झाला?"

नग महाग झालाच नव्हता. यंत्रं रिकामी उभी होती आणि त्या रिकामेपणाचा खर्च मी गोदामातल्या मालावर चढवला होता. अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. स्थिर उत्पादनखर्च नॉर्मल कपॅसिटीच्या आधाराने वाटायचा. उत्पादन कमी झालं म्हणून नगामागचा वाटा वाढवायचा नाही. जो खर्च वाटला जात नाही तो त्याच वर्षी नफा-तोट्यात टाकायचा. उलट उत्पादन नेहमीपेक्षा फारच जास्त झालं तर दर खाली आणायचा, म्हणजे माल खर्चापेक्षा जास्त किमतीला दिसत नाही.

दीड लाखाने भागलं की दर ८०, नग ३८० रुपयांचा आणि शिल्लक माल ७६ लाखांचा. विक्रीवर ५६ लाख सुटतात, त्यातून न वापरलेल्या ५०,००० नगांच्या क्षमतेचे ४० लाख वजा जातात. नफा उरतो १६ लाख. आठ लाखांचा फरक म्हणजे २०,००० नगांवरचे चाळीस-चाळीस रुपये. सगळा माल विकला गेला असता तर दोन्ही दरांनी नफा एकच आला असता. भाजकाचा खेळ शिल्लक मालातून होतो. म्हणून विक्री न वाढता नफा वाढला, तर आधी गोदाम बघावं. ते आठ लाख पुढल्या वर्षी माल विकताना नफ्यातून गेलेच असते.

मला जास्त लागलं ते दुसरंच. त्याच वर्षी एक ग्राहक ४१० रुपयांनी ४०,००० नग मागत होता. माझ्या कागदावर नग ४२० चा, म्हणून मी नकार द्यायला सांगितलं. यंत्रं रिकामी होती, स्थिर खर्च वाढणार नव्हता. नगामागे ११० रुपये, म्हणजे ४४ लाख हाती आले असते. रिकाम्या क्षमतेचा सगळा बोजा त्यातून भरून निघाला असता. चुकीच्या दराने ऑर्डर जाते, उत्पादन आणखी घटतं आणि दर आणखी चढतो.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. यंत्रांच्या कागदोपत्री क्षमतेने, म्हणजे दोन लाखांनी भागलं. दर ६० वर आला आणि त्यावर कोटेशनं स्वस्त निघू लागली. पण कारखाना नेहमीचे दीड लाख नग काढतो तेव्हाही ६० च्या दराने ९० लाखच वसूल होतात. उरलेले ३० लाख कुठल्याच किमतीत बसत नाहीत.

शेवटी आकडा शोधला तो अडणाऱ्या यंत्रावर. आमच्याकडे ती दोन ग्राइंडिंग मशीन. ३०० दिवस, दोन पाळ्या, पाळीला साडेसात तास, असे ९,००० मशीन-तास. नियोजित देखभाल आणि सेटिंगचे १,५०० तास वजा केले, तासाला २० नग धरले, तर दीड लाख येतात. मग लॉकडाऊनचं आणि मंदीचं वर्ष वगळून मागची तीन वर्षं पाहिली. १,४६,०००, १,५५,००० आणि १,४९,०००, सरासरी तंतोतंत तीच. दोन वाटांनी एकच आकडा आला, म्हणून तो धरला. ग्राहक कायमचा गेला किंवा नवीन मशीन आलं तरच तो बदलायचा, एका वाईट वर्षासाठी नाही.

कॉस्टिंग करणाऱ्यांना माझी विनंती आहे. स्टॉकच्या मूल्यांकनात दराशेजारी भाजक लिहा, तो कसा काढला ते दोन ओळींत लिहा आणि न वाटलेला खर्च वेगळ्या ओळीत मालकांना दाखवा.