कुरडईचं वजन किती?

सोमवारी सकाळी साडेनऊला, बॉसची मीटिंग सुरू व्हायच्या बेतात असताना, मोबाइल थरथरला. दिंद्रुडहून वहिनींचा फोन. त्या ऑफिसच्या वेळात कधीच फोन करत नाहीत, म्हणून काळजानं उडीच मारली. बाहेर येऊन उचलला.

“भाऊजी, ते कुरियरवाले लुबाडतेत का वो आपल्याला?”

वहिनींचा उद्योग थोडक्यात सांगतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात आमचं दिंद्रुड. दोन उन्हाळ्यांपासून वहिनी कुरडया, शेवया, पापड करून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतात. यातली निम्मी गिऱ्हाइकं माझ्याच ऑफिसातली. दादा मोटारसायकलवर खोका बांधून माजलगावला कुरियरच्या काउंटरवर नेऊन देतो आणि हिशेब महिन्याअखेर होतो. वहिनी घरच्या काट्यावर खोका तोलायच्या आणि रेटकार्ड बघून गिऱ्हाइकाकडून कुरियरचे पैसे घ्यायच्या. साधा, सरळ हिशेब.

महिन्याचं बिल आलं आणि हिशेबाची पार कुरडई झाली. घरच्या काट्यावर ४.१ किलो भरलेल्या खोक्याचं बिल होतं १३.५ किलोचं!

वहिनींनी गिऱ्हाइकाकडून २०० रुपये घेतले होते. बिल आलं ६०५. खोक्यामागे वहिनींच्या हातात ४५० रुपये राहायचे, त्यातले ४०५ असे गेले. पहाटे चारला उठून चीक हाटायचा, उन्हात गच्चीवर वाळवण घालायचं आणि मिळायचे ४५ रुपये. त्या उन्हाळ्यात असे अकरा खोके गेले होते. “बंद करते आता,” वहिनी म्हणाल्या. मला ते चांगलंच लागलं, कारण ‘करा हो वहिनी, पुण्यात तुफान खपेल’ असं सांगणारा मीच होतो.

नशिबानं तो खोका आला होता माझ्यापासून दोन डेस्क सोडून बसणाऱ्या कलीगकडे. तिनं तो अजून टाकला नव्हता. संध्याकाळी तिनं लेबलचा फोटो पाठवला. कुरियरच्या हबवर मशीनमधून जाताना चिकटवलेलं छोटं स्टिकर त्यावर होतं. प्रत्यक्ष वजन ४.१, चार्जेबल वजन १३.५ आणि त्याखाली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये. रुंदी ४१ आणि उंची ३२ नीट दिसत होती. लांबीवर मात्र टेपची सुरकुती. ५१ की ५७, काही कळेना.

नियम असा आहे. कुरियरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं. दुसरं आकारमानाचं, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ठरलेला आकडा. दोन्हींत जे जास्त, ते पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वर नेऊन बिलात लावायचं. हा भागाकाराचा आकडा सगळ्यांचा एक नसतो. विमानाच्या कार्गोत ६०००, बऱ्याच कुरियर कंपन्यांचा ५०००, काहींचा ४०००. तो रेटकार्डाच्या तळाशी, बारीक अक्षरात असतो. म्हणजे जिथे आपण वाचत नाही तिथेच!

ती सुरकुतीही गणितानंच उलगडली. लांबी ५७ धरली तर ५७ × ४१ × ३२ म्हणजे ७४,७८४. भागिले ५००० केलं की जवळपास १५ किलो. बिल तर १३.५ चं. ५१ धरून बघितलं, ६६,९१२. भागिले ५००० म्हणजे १३.३८, वर नेलं की १३.५. बरोब्बर! खात्रीसाठी हाच आकडा ६००० नं भागला तर ११.५ येतं आणि ४००० नं भागला तर १७. म्हणजे लांबी ५१ आणि भागाकार ५००० चा, दोन्ही पक्कं. पुढे ३८ रुपये किलोनं १३.५ किलोचे ५१३ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ६०५.

म्हणजे कुणी लुबाडलं नव्हतं. हे वहिनींना कसं पटवायचं याच विचारात मी फोन लावला, तर दादानं तो हातात घेतला. “अरे, कापसाच्या गाडीसारखंच की हे!” ज्वारीची पोती भरली तर ट्रक अर्धा रिकामा दिसतो तरी काट्यावर पुरा होतो. कापूस भरला तर गाडी दोन्ही बाजूंनी फुगते, काट्यावर मात्र हलकीच. गाडीवाला भाडं सोडतो का? जागा अडवली की पैसे द्यावेच लागतात. माझ्या एक्सेलच्या शीटपेक्षा हे भारी होतं. आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत फेडेक्सनं २०१५ च्या सुरुवातीला रस्त्यानं जाणाऱ्या लहान खोक्यांनाही हाच नियम लावला. त्याआधी तिथे तो मोठ्या खोक्यांपुरताच होता.

आता खरी चूक कुठे झाली ते बघा. वहिनींनी खोका मोजला होता तेव्हा ५० × ४० × ३० होता, म्हणजे १२ किलो. पण तो रिकामा असताना! भरून टेप मारल्यावर पोट सुटलं. मशीन खोका मोजतं ते सगळ्यात बाहेर आलेल्या टोकापासून, म्हणून दीड किलो तिथेच वाढलं. आणि आत काय होतं? कुरडया मोडू नयेत म्हणून वरचा तिसरा भाग वर्तमानपत्राच्या बोळ्यांचा. आम्ही रद्दी कुरियरनं पुण्याला पाठवत होतो, ३८ रुपये किलोनं!

वाद घालायची सोय असते, नाही असं नाही. मशीनची मापं चुकली असं वाटलं तर खोक्याशेजारी टेप धरून काढलेले फोटो दाखवून तक्रार करता येते. पण त्याला मोजक्याच दिवसांची मुदत असते आणि फोटो पाठवायच्या आधीचे लागतात. आमच्याकडे फोटो नव्हते आणि माप चुकलंही नव्हतं.

मग पुढच्या शनिवारी मी गावी गेलो. वहिनींनी कुरडया चवड लावून उभ्या रचल्या, पापड कडेला सरकवले आणि सगळं ४० × ३० × २८ च्या खोक्यात बसलं. हे माप टेप मारून झाल्यावरचं. आकारमानाचं वजन ६.७२, म्हणजे बिल ७ किलोचं. काट्यावर ४.१ किलोच, म्हणजे वर अडीच किलोची जागा फुकट. वहिनींनी तळाशी अडीच किलो ज्वारीची पिशवी अंथरली. “पुण्यात आपली ज्वारी मिळत नाही म्हणता ना?” ज्वारीचे पैसे वेगळे, कुरियर तेवढंच. बिल झालं ३१४ रुपये.

आता वहिनी कुरियरचे पैसे किलोवर सांगतच नाहीत, खोक्याच्या मापावर सांगतात. टेप मारून झाला की मोजपट्टी धरून फोटो काढतात. आणि मनातल्या मनात हिशेब करायला त्यांनी स्वतःचाच फॉर्म्युला काढलाय. पाच लिटरच्या कॅनएवढी जागा म्हणजे एक किलो. ५००० घन सेंटिमीटर म्हणजे पाच लिटरच की! मला कॅल्क्युलेटर लागतो, त्यांना नाही.

परवा पुन्हा फोन आला. मी घाबरतच उचलला. “भाऊजी, एका बाईला नुसत्या कुरडयाच पाहिजेत. मी म्हणलं, ज्वारी घ्या, नाहीतर हवेचे पैसे भरा.”

त्या बाईंनी ज्वारी घेतली.