खिडकी उघडण्याआधीची वीस मिनिटं

आमच्या रुग्णालयातल्या औषध विभागाची सकाळची पाळी आठला सुरू होते. मी पावणेआठलाच पोहोचते. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने एका ट्रेमध्ये पंचवीस-तीस चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात आणि त्यातल्या अर्ध्यांवर लाल अक्षरांत 'तातडीचे' लिहिलेलं असतं. वॉर्डातल्या सिस्टरना प्रत्येक औषध तातडीचंच वाटतं, त्यात त्यांची चूक नाही. पण मला त्या लाल शाईवर क्रम लावता येत नाही.

मी प्रत्येक चिठ्ठीला दोनच प्रश्न विचारते: पुढचा डोस किती वाजता आहे, आणि तो तासभर उशिरा गेला तर पेशंटचं काय होईल? अतिदक्षता विभागातलं रक्तात जंतुसंसर्ग झालेल्याचं पहिलं अँटिबायोटिक सगळ्यांत आधी. त्यानंतर नाश्त्यापूर्वीचं इन्सुलिन, कारण नाश्त्याची गाडी माझ्यासाठी थांबत नाही. मग फिट येणाऱ्या पेशंटच्या गोळ्या. घरी सोडलेल्यांची औषधं आणि महिन्याच्या बी.पी.च्या गोळ्या शेवटी. गंमत अशी, की खिडकीवर सर्वांत मोठा आवाज याच शेवटच्या गटाचा असतो. ज्याला खरी घाई असते तो वरच्या मजल्यावर पलंगावर पडलेला असतो.

पण शेवटच्या गटातली चिठ्ठी कमी घाईची असली, तरी कमी धोक्याची असतेच असं नाही. गेल्या हिवाळ्यातली एक सांगते.

सांधेवाताच्या एक खाला घरी चालल्या होत्या. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, पुढे १-०-०, आणि तीस दिवस. म्हणजे रोज सकाळी एक, एकूण तीस गोळ्या. सांधेवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. चार आठवड्यांना चार गोळ्या पुरतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हात रोजच्या सवयीने चालला होता. हेच औषध रोज घेतलं तर थोड्याच दिवसांत तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवही जातो. औषध ओळखीचं नसलं, तरी 'तीस' हा आकडा बघून थांबायला हवं.

खालांचा मुलगा खिडकीवर उभा होता. "आपा, गाडी साडेनऊची आहे. तुम्हाला माहीत आहे ना आठवड्याला एक? मग द्या चार गोळ्या, सही नंतर घ्या."

माहीत होतं. पण चिठ्ठी मी दुरुस्त करायची नसते. शिवाय जुना कागद त्यांच्या पिशवीत तसाच राहिला असता आणि गावच्या दुकानदाराने पुढच्या महिन्यात त्यावरच तीस गोळ्या दिल्या असत्या. संगणकावर मी ती चिठ्ठी 'थांबवली' या खान्यात टाकली, कारण लिहिलं आणि राउंडवरच्या डॉक्टरांना फोन केला. ते खाली आले, जुनी चिठ्ठी रद्द केली आणि नव्या कागदावर 'आठवड्यातून एकदा' असं अक्षरांत लिहून वाराची जागा मोकळी ठेवली. सोमवार मात्र नको, असं मी सुचवलं. घाईत लिहिलेला इंग्रजी 'मंडे' बऱ्याचदा 'मॉर्निंग'सारखा वाचला जातो.

"जुम्मा ठेवा," खाला म्हणाल्या. "तो मी विसरणार नाही." डॉक्टरांनी शुक्रवार लिहिला.

मग नेहमीची तपासणी. नाव जुळून भागत नाही, आमच्या एका वॉर्डात एकाच वेळी एकाच नावाच्या तीन बायका असतात. म्हणून केस नंबर आणि वय. काढलेल्या पाकिटावरची ताकद, मुदत, गोळ्यांची संख्या. मी काढलेलं माझ्या सहकाऱ्याने चिठ्ठी हातात घेऊन पुन्हा पाहिलं, मला न विचारता. सोबत फॉलिक ॲसिड होतं, शनिवारी एक. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळ्याच असतात, म्हणून दोन वेगळी पाकिटं आणि प्रत्येकावर वार मोठ्या अक्षरांत.

"आता तुम्ही मला सांगा, कधी घ्यायची?"

"जुम्म्याच्या रात्री," खाला म्हणाल्या.

इथे मी पुन्हा थांबले. आपल्याकडे मगरिबला दिवस बदलतो, त्यामुळे जुम्म्याची रात्र म्हणजे कुणाला गुरुवारची वाटते, कुणाला शुक्रवारची. एकदा ही आणि एकदा ती धरली, तर दोन गोळ्यांमध्ये सहाच दिवस उरतात किंवा लागोपाठ दोन रात्री गोळी जाते. आम्ही वेळ ठरवली: जुम्म्याच्या नमाजनंतर, दुपारचं जेवण झाल्यावर. रमजानमध्ये त्याच शुक्रवारी इफ्तारनंतर. तोंडात फोड, ताप किंवा कुठून रक्त आलं, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांकडे, हे मुलालाही ऐकवलं. रक्ततपासणीची तारीख पाकिटावरच लिहिली.

खालांनी सगळं एकदा बिनचूक म्हणून दाखवलं, तेव्हा मी संगणकावर 'पूर्ण' दाबलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मुलगा पुढच्या गाडीची वेळ विचारायला गेला आणि खाला बाकावर बसून दोन्ही पाकिटांवरचे वार बोट ठेवून वाचत राहिल्या.