"काही सांगितलंच नाही!"

नोकरी शोधणाऱ्या पोरांची नेहमीची तक्रार असते, नकार आला, पण का आला ते कुणी सांगितलंच नाही. खरंय. पण नकार दिल्यावर रिक्रूटरला बोलून काय मिळणार? उलट वाद व्हायची भीती, म्हणून दोन ओळींची गोडगोड मेल येते आणि विषय संपतो. मात्र पहिली चाळणी पार झाली आणि दुसरी फेरी व्हायची आहे, तेव्हा गणित उलटं असतं. आता त्या रिक्रूटरलाही जागा भरायची आहे. तुम्ही पुढे टिकलात तर त्याचं काम सोपं होतं. विचारायची वेळ हीच.

आमच्या भाचीचंच उदाहरण देतो. सोलापुरातच एका छोट्या कंपनीत तीन वर्षं जावाचं काम करते. पुण्याच्या एका कंपनीची अर्ध्या तासाची पहिली फेरी गुरुवारी झाली, आणि शुक्रवारी मेल आली की पुढची मंगळवारी. "मामा, कसं झालं म्हणून विचारू का?" म्हणाली. म्हटलं, तसं नको. "कसं झालं?" या प्रश्नाला "छान झालं" हे एकच उत्तर असतं. मार्क किंवा पुढचे प्रश्नही मागायचे नाहीत, ते तो देऊ शकत नाही. तिने वेळ नक्की करणाऱ्या उत्तरातच तीन ओळी जोडल्या. मूळ इंग्रजीत होत्या, मतलब असा:

"मंगळवारी अकराची वेळ चालेल. पहिल्या फेरीनंतर माझ्याबद्दल एखादी शंका राहिली असेल, किंवा एखाद्या मुद्द्यावर मी अधिक स्पष्ट बोलायला हवं असेल, तर सांगाल का? फोनवर पाच मिनिटं बोललात तरी चालेल."

फोनचा उल्लेख मुद्दाम. लेखी द्यायला ही मंडळी बिचकतात, तोंडी मोकळं बोलतात. आणि उशीर करायचा नाही. रिक्रूटर आठवड्यात कितीतरी जणांशी बोलतो, चार दिवसांनी त्याच्याकडे फक्त टिपणातली एखादी ओळ उरते.

संध्याकाळी फोन आला. पहिला मुद्दा, "कम्युनिकेशन जरा सुधारा." आता हा शब्द म्हणजे गाठोडं आहे. त्यात इंग्रजी, लांबण, खराब नेटवर्क, काहीही असू शकतं. तिने तिथेच विचारलं, "एखादं उदाहरण सांगता येईल का?" तेव्हा कळलं की इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. टिपणात लिहिलं होतं, उमेदवाराचं स्वतःचं काम कोणतं ते कळत नाही. पोरगी प्रत्येक उत्तरात "आम्ही केलं, आम्ही बदललं" म्हणत होती! आपल्याकडे "मी केलं" म्हणणं जरा आगाऊपणाचं वाटतं ना. समोरच्याला मात्र वाटलं, ही नुसती टीममध्ये बसून होती.

दुसरा मुद्दा तिच्या ध्यानीमनीही नव्हता. आठवड्यातून तीन दिवस पुण्यात ऑफिसला यायचं आहे, ही सोलापूरहून खरंच राहायला येणार का? हुतात्मा एक्स्प्रेसने चार-एक तास लागतात, रोजचं येणं-जाणं अशक्यच. शंका रास्त होती, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

शनिवार-रविवार तिने एकच काम केलं. एका टॉवेल कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर तिच्या टीमने केलं होतं. त्यातलं स्वतःचं वेगळं काढलं. अडचण काय होती, तर रिपोर्ट यायला चाळीस सेकंद लागायचे. मी काय केलं, तर संथ क्वेरी शोधली आणि डिझाइन नंबर व तारखेवर इंडेक्स लावला. फरक काय पडला, तर तीन सेकंदांत रिपोर्ट. टीमने काय केलं तेही एका वाक्यात, प्रामाणिकपणे. आणि रिक्रूटरला कळवलं की साठ दिवसांचा नोटीस पिरियड संपला की पुण्यात राहायला येईन, मावशीकडे सोय आहे.

दुसरी फेरी पार झाली. पण याला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. रिक्रूटर स्वतः मुलाखतीत नसेल तर तो ऐकीव सांगतो. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर तिच्याकडे टिपण नसतंच बहुधा, त्यांना कंपनीच्या एचआरला विचारायची विनंती करावी लागते. आणि पुढच्या फेरीत माणसं वेगळी असतात, म्हणून एका ओळीवरून सगळी उत्तरं बदलायची नाहीत. भाचीने फक्त "आम्ही"चं "मी" केलं, बाकी होती तशीच बोलली.

"सगळं छान आहे" एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्यांदा टोकरू नये. त्याऐवजी विचारावं, पुढच्या फेरीत कोण असेल, वेळ किती, कोड लिहायचा आहे की जुन्या कामावर चर्चा? याचं उत्तर द्यायला कुणालाच अडचण नसते, आणि तयारीची दिशा त्यातूनही कळते.