पंधरा पुरुष, एक मुलगी आणि भिंतीवरच्या चार ओळी

जुनं फ्लोरेन्स बघायला आलेला माणूस पियाझ्झा देला रेपुब्लिका या चौकात आला की थोडा हिरमुसतो. इथं मध्ययुगीन गल्लीबोळ नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुना बाजार आणि त्याला लागून असलेली ज्यूंची वस्ती पाडून हा चौक मोकळा केला गेला. रुंद फरसबंदी, कमानी, एकसारख्या उंचीच्या इमारती आणि खाली कॉफीघरं. चौकाला वय नाही, पण गर्दी कायम असते. काम असलेले लोक इथून जातात आणि काम नसलेले थांबतात.

१९५१च्या ऑगस्टमध्ये थांबणारे बरेच होते. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, तरी त्याच्या खुणा गावभर होत्या. माघार घेताना जर्मन सैन्यानं १९४४ साली आर्नो नदीवरचे सगळे पूल उडवले होते. एक पोन्ते वेक्कियो तेवढा शाबूत राहिला. सान्ता त्रिनिता पूल पुन्हा उभा राहायला १९५८ उजाडलं. इटलीत बेकारी होती. कोट घालून, केस चापूनचोपून बसवून कोपऱ्यावर उभं राहणं हा पुष्कळ तरुणांचा सकाळचा कार्यक्रम होता. नव्यानं निघालेली लँब्रेटा ज्याच्याकडे असे, तो त्यातला राजा.

या कोपऱ्यावर २२ ऑगस्ट १९५१ रोजी रूथ ऑर्किननं घेतलेला फोटो आज जगभर ‘अमेरिकन गर्ल इन इटली’ या नावानं ओळखला जातो. फोटो कृष्णधवल आहे. एक उंच, तरुण मुलगी फुटपाथवरून चालते आहे आणि पंधरा पुरुष तिच्याकडे बघताहेत.

डोळा आधी तिच्यावरच जातो, आणि त्याला कारण आहे. तिचा पोशाख गडद आहे, पायाखालची फरशी उजळ. चौकटीत दुसरी बाई नाही. पुरुष तिच्या दोन्ही अंगांना आहेत, काही भिंतीला टेकलेले, काही बसलेले, कुणी लँब्रेटावर. तिच्यासाठी मधून एक चिंचोळी वाट तेवढी उरली आहे. प्रत्येकाच्या नजरेची एक रेघ ओढली तर सगळ्या रेघा तिच्याशी येऊन मिळतील. तिची स्वतःची रेघ मात्र कुणालाच जाऊन मिळत नाही. हनुवटी वर, पापण्या खाली, एका हातानं शाल छातीशी घट्ट धरलेली, पाऊल उचललेलं. ही एकच नजर बाकीच्यांच्या जाळ्याबाहेर आहे, आणि सगळा ताण त्यातून येतो.

दुसरी गोष्ट लक्षात यायला थोडा वेळ लागतो. फोटो समोरून घेतला आहे. म्हणजे ती जिकडे निघाली आहे, त्या वाटेवर कॅमेरा उभा आहे आणि त्याच्या जागी आता बघणारा. पुढच्या चार पावलांत ती आपल्याजवळून जाणार. त्या पंधरांत सोळावं कुणी असेल, तर ते गॅलरीत उभं असलेलं माणूस.

असा फोटो भिंतीवर लागतो तेव्हा शेजारी एक छोटी पट्टी येते. वरच्या ओळीत छायाचित्रकाराचं नाव, मग शीर्षक, साल, माध्यम: जिलेटिन सिल्व्हर प्रिंट. निगेटिव्ह एका साली घेतलेलं आणि प्रिंट कितीतरी वर्षांनी काढलेलं असेल, तर दोन्ही सालं द्यायची असतात, कारण गॅलरीत टांगलेली वस्तू प्रिंट असते. एवढ्यापर्यंत वाद नसतो. त्याखाली पाच-सात वाक्यांचा मजकूर येतो, आणि खरी पंचाईत तिथं सुरू होते. पुष्कळ लोक आधी पट्टी वाचतात आणि मग मान वर करून फोटो बघतात. पट्टीनं जे सांगितलं असेल ते त्यांना दिसतं.

या फोटोला पहिली गाजलेली ओळ मिळाली ती ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाच्या सप्टेंबर १९५२च्या अंकात. लेख एकट्यानं प्रवास करणाऱ्या मुलींसाठी होता. फोटोखालच्या मजकुराचा सूर थोरल्या बहिणीसारखा समजुतीचा: परदेशात पुरुष असं उघड कौतुक करतात, आपल्याकडच्यांपेक्षा त्यांचा आवाज जरा मोठा असतो, पण मनात वाईट काही नसतं, तेव्हा गडबडून जाऊ नका. त्या ओळीसह फोटो बघितला की पुरुष खोडकर वाटतात आणि मुलगी नशीबवान.

काही दशकांनी हाच फोटो पोस्टर होऊन वसतिगृहांच्या खोल्यांत आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर गेला. दरम्यान स्त्रीमुक्तीची चळवळ आली होती आणि रस्त्यावर बाईला काय सोसावं लागतं यावर उघड बोललं जाऊ लागलं होतं. आता तीच शाल ढाल वाटू लागली, खाली झुकलेल्या पापण्यांत भीती दिसू लागली. चौकटीतला एकही ठिपका हलला नव्हता. वाचणारं माणूस बदललं होतं.

एका तपशिलाची तर वेगळीच कथा आहे. पुरुषांपैकी एकाचा हात भलत्याच जागी आहे. काही छापील प्रतींतून तो रिटच करून सौम्य केला गेला होता. म्हणजे पट्टी लिहिण्याआधी चित्राचीच वाक्यरचना सुधारून झाली होती. गॅलरीत काम करणाऱ्याला म्हणूनच आधी समोरची प्रत मूळ निगेटिव्हशी ताडून बघावी लागते. नाहीतर जी गोष्ट चित्रात नाही तिच्यावर तो लिहील, किंवा जी आहे ती सोडून देईल.

फोटोतली मुलगी पुढं स्वतः बोलली. तिचं नाव नाइनली क्रेग. तेव्हाची नाइनली ॲलन, ‘जिंक्स’ हे तिनं घेतलेलं लाडकं नाव. वय २३. नोकरी सोडून ती एकटीच युरोप फिरत होती. आर्नोकाठच्या एका स्वस्त हॉटेलात, दिवसाला एक डॉलर भाड्याच्या खोलीत ती उतरली होती. तिथंच तिला ऑर्किन भेटली. ऑर्किन तिशीला टेकलेली, हॉलिवूडमध्ये वाढलेली. सतराव्या वर्षी, १९३९मध्ये, न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन बघायला अमेरिका जवळजवळ आरपार पालथी घालून आलेली, सायकल सोबत घेऊन. इस्रायलमधलं काम आटोपून ती इटलीत आली होती. एकट्यानं हिंडताना काय काय वाट्याला येतं यावर दोघींचं बोलणं झालं आणि त्यावर चित्रमालिका करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर पडल्या: भाव विचारताना, रस्ता विचारताना, पुतळा बघताना. गंमत चालली होती.

कोपऱ्यावर आल्यावर ऑर्किन पुढं धावली, वळली आणि तिनं एक फोटो घेतला. मग जिंक्सला मागं जाऊन पुन्हा चालत यायला सांगितलं. लँब्रेटावाल्याला म्हणाली की बाकीच्यांना सांग, कॅमेऱ्याकडे बघू नका. दुसरी फ्रेम घेतली आणि काम संपलं. एकूण दोन.

आता प्रश्न असा की याला ‘मांडणी करून घेतलेला’ फोटो म्हणायचं का. चालणं ठरवून होतं, हे खरं. पुरुषांना कुणी तिथं उभं केलं नव्हतं, बघायला सांगितलं नव्हतं. सांगितलं गेलं ते फक्त कुठं बघू नये एवढंच. ‘क्षण टिपला’ असं पट्टीवर लिहिलं तर ते अर्धसत्य, आणि ‘अभिनय’ लिहिलं तर तेही. ज्याला दोन्ही टाळायचं आहे त्यानं घडलेला क्रम तसाच सांगावा: ती चालली, पुन्हा चालली, दोन फोटो निघाले. निष्कर्ष वाचणाऱ्यानं काढावा.

क्रेग २०१८ मध्ये नव्वदीत वारली, पण त्याआधी मुलाखतींत तिनं पुनःपुन्हा बजावलं होतं की हा छळाचा फोटो नाही, मजेत भटकणाऱ्या बाईचा आहे. दांतेची बिआत्रिचे असल्यासारखी आपण चाललो होतो, असं ती सांगे. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या पुरुषाच्या हाताची खूणही इटलीत नशीब शाबूत राहावं म्हणून केली जाते. शाल नारिंगी होती. फोटोत तिचा रंग राखाडीत विरला आहे. आणि याच मुलाखतींत शालीबद्दल तिनं आणखी एक गोष्ट सांगितली: ती घट्ट धरली कारण तीच आपलं कवच होती.

मजा आणि कवच. ही दोन वाक्यं एकाच बाईची आहेत आणि एकाच चालण्याबद्दलची आहेत. जी अशा कोपऱ्यावरून एकदा तरी चालत गेली आहे तिला यात विसंगती वाटणार नाही. पुण्याच्या एखाद्या पेठेतल्या चौकात किंवा मुंबईच्या स्टेशनबाहेर ताठ मानेनं, पदर किंवा पर्स सावरत, कुणाकडेही न बघता जायचं कसब हेच असतं. पट्टी लिहिणाऱ्याची अडचण अशी की त्याच्याकडे जागा थोडी आणि सवय एकाच निकालाची. क्रेगचं म्हणणं प्रमाण मानलं तर फोटो बघून अंगावर शहारा आलेल्या बायकांना खोटं पाडल्यासारखं होतं. त्यांचं म्हणणं मानलं तर जिचा तो अनुभव होता तिला गप्प केल्यासारखं.

त्या पंधरांचं काय, हे कुणी फारसं विचारत नाही. त्यातला लँब्रेटावाला थोडा पुढं आला. फोटोनंतर जिंक्स त्याच्या मागं बसून गावात चक्कर मारून आली, आणि ऑर्किननं त्या फेरीचेही फोटो घेतले. ती फ्रेम शेजारी टांगली की कोपऱ्यावरचा ताण सैल पडतो आणि बघणारा हुश्श करतो. न टांगली की तो ताण कायम राहतो. दोन्ही फोटो खरे आहेत. त्यांना एकमेकांशेजारी लावायचं की नाही, हा निर्णय मात्र शब्दांइतकाच अर्थ लावणारा आहे.

या सगळ्यातून भिंतीवर उरावं असं काही लिहायचं झालं, तर विशेषणं काढून ते साधारण असं होईल:

रूथ ऑर्किन. अमेरिकन गर्ल इन इटली, फ्लोरेन्स, १९५१. जिलेटिन सिल्व्हर प्रिंट. एकट्यानं प्रवास करणाऱ्या बायकांवरच्या चित्रमालिकेसाठी छायाचित्रकाराची मैत्रीण या कोपऱ्यावरून चालली, सांगितल्यावर पुन्हा चालली, आणि दोन फोटो निघाले. पुरुष तिथं आधीपासूनच होते. त्यांना कॅमेऱ्याकडे बघू नका, एवढंच सांगण्यात आलं. १९५२मध्ये एका मासिकानं हे दृश्य निरुपद्रवी कौतुक म्हणून छापलं, पुढं अनेकांनी ते रस्त्यावरच्या छळाचं चित्र म्हणून वाचलं. फोटोतल्या स्त्रीनं नंतर सांगितलं की ती मजेत होती, आणि हातातली शाल तिचं कवच होती.