पाच व्होल्ट, पण कुठपर्यंत?

अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलं, तेव्हापासून मनगटावरचा फिटनेस बँड त्यांचा हिशेबनीस झालाय. वसईत सुरुची किनाऱ्यावर किती पावलं पडली, ते रात्री वहीत उतरवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. हा बँड चार्ज होईना, तेव्हा घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: बॅटरी गेली, नवीन घ्या.

मला मात्र ते पटेना. क्लिप लावली की बँड थरथरायचा, चार्जिंगचं चिन्ह यायचं, लगेच जायचं आणि पुन्हा थरथर. म्हणजे वीज पोचत होती, पण टिकत नव्हती.

आधी पिना पाहिल्या. आमच्याकडची खारी हवा आणि त्यात घाम, त्यामुळे त्यांच्यावर हिरवट थर साचला होता. घामाने ओल्या पिनांना चार्जर लावला, की त्या ओलाव्यातूनच प्रवाह वाहतो आणि धातू झिजू लागतो. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसल्या, नीट वाळू दिल्या. पॉलिश पेपर लावला नाही. वरचा पातळ मुलामा गेला की खालचा धातू आणखी लवकर गंजतो. थरथर कमी झाली, थांबली नाही.

मग मल्टिमीटर काढला. क्लिपच्या दोन टोकांवर ५.१ व्होल्ट. केबल ठीक आहे असं कुणालाही वाटेल, पण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. तुटत आलेल्या तारेचा एखादा धागा शिल्लक असला, तरी मीटरला पूर्ण दाब दिसतो. म्हणून त्याच टोकांवर ४७ ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर जोडला. तो साधारण ०.१ अँपिअर ओढतो, म्हणजे छोट्या बँडसारखाच. आकडा घसरून ३.६ वर आला. क्लिपजवळ केबल जरा वाकवली तर ४.८, सोडली की पुन्हा ३.६.

थरथरीचं कारण इथे होतं. बँड प्रवाह ओढायला लागला की दाब पडायचा, आतली चार्जिंगची चिप हात आखडता घ्यायची, दाब परत वर यायचा आणि ती पुन्हा प्रयत्न करायची. लिथियम बॅटरी पूर्ण भरायला साधारण ४.२ व्होल्ट लागतात, ३.६ मध्ये ते कसं जमणार?

चार्जरलाही निर्दोष ठरवायचं होतं. तोच चार्जर, तोच रेझिस्टर, फक्त केबल नवी: ५.० व्होल्ट, आणि वाकवूनही आकडा हलला नाही. केबल बदलली आणि बँड शंभर टक्के भरला.

चांगल्या केबलवर पूर्ण भरूनही तो काही तासांतच रिकामा झाला असता, तर मात्र मीही बॅटरीवरच बोट ठेवलं असतं.